पाच वर्षांच्या आत पीएफ काढला, १०% टीडीएस कापला गेला. रिटर्नमध्ये नेमकं किती दाखवायचं?

वाटसरू_पुणे | १२ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

माझी पहिली नोकरी हिंजवडीत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये लागलो आणि मे २०२४ अखेर सोडली. तेव्हापासून एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. क्लासची फी आणि घरखर्च चालवायचा म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ऑनलाइन फॉर्म १९ भरून सगळा पीएफ काढला. नोकरी तीन वर्षांचीही झाली नव्हती.

पासबुकातले आकडे देतो. बेसिक शेवटपर्यंत ३०,०००च होता, त्यामुळे माझे महिन्याला ३,६०० आणि कंपनीचे ३,६००. पेन्शनमध्ये काही गेलेलं नाही, कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच दिसतोय. ३४ महिन्यांचे माझे १,२२,४०० आणि त्यावर व्याज १५,४०० (शंभराच्या पटीत गोल केलंय). कंपनीच्या हिश्श्याचंही अगदी तेवढंच. एकूण २,७५,६००. बँकेत आले २,४८,०४०. उरलेले २७,५६० टीडीएस म्हणून कापलेत आणि २६एएसमध्ये कलम १९२ए खाली दिसतात.

आता रिटर्न भरायचंय. ओळखीचे एक सीए म्हणतात, टीडीएस कापला म्हणजे विषय संपला. दुसरे म्हणतात, पूर्ण २,७५,६०० यंदाच्या पगारात मिळवा. मला दोन्ही पटत नाहीये, कारण यातले निम्मे पैसे तर माझ्याच पगारातून गेलेले आहेत. त्यावर परत टॅक्स कसा?

यंदाचं (२०२४-२५) बाकीचं उत्पन्न म्हणजे एप्रिल आणि मेचा पगार, ७०,००० प्रमाणे १,४०,०००. बाकी काही नाही.

---

देशपांडे_काका

अरे, फॉर्म १५जी जोडायला हवा होतास. माझ्या भाचीने जोडला होता, एक रुपया कापला नाही. १५जी दिला की पीएफवर टॅक्स लागत नाही. आणि दुसरा उपाय म्हणजे ५० हजारांच्या आत रक्कम असेल तर तसाही टॅक्स माफ असतो.

---

सातपूरकर

पाच वर्षांच्या अटीबद्दल थोडं. ४ वर्षं २४० दिवस भरले की पाच वर्षं धरतात. आमच्या युनियनने हे भांडून घेतलंय. वाटसरूचे तेवढे भरत नाहीत, पण कोणाचे भरत असतील तर सोडू नका.

---

हिशेबवही

काका आणि सातपूरकर, दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते या प्रश्नाला लागू होत नाही. आधी ते सांगते, नाहीतर वाचणारे तेच घेऊन जातील.

१५जी दिला की ईपीएफओ कापत नाही, एवढंच होतं. टॅक्स लागतो की नाही हे तुमचं उत्पन्न ठरवतं. भाचीचं त्या वर्षीचं एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर उत्तमच. पण ते जास्त असताना १५जी दिला असेल तर तिने खोटं घोषणापत्र दिलंय, आणि टॅक्स अजून द्यायचाच आहे. ५० हजारांचंही तसंच आहे. ती मर्यादा कपातीची आहे. ४८,००० काढले आणि काही कापलं गेलं नाही, तरी त्यातला करपात्र भाग रिटर्नमध्ये लिहावाच लागतो. असे बरेच जण लिहीत नाहीत आणि मग नोटीस आली की गांगरतात.

४ वर्षं २४० दिवस हा ग्रॅच्युइटीचा वाद आहे, आणि तो कायदाच वेगळा. पीएफच्या बाबतीत आयकर कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये नियम ८ आहे. तिथे सलग पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. चार वर्षं अकरा महिन्यांनाही सूट नाही.

आता वाटसरू, तुमचा प्रश्न. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २,७५,६०० ही एक रक्कम समजू नका. त्यात चार वेगवेगळे पैसे आहेत आणि प्रत्येकाचा न्याय वेगळा.

कंपनीचे १,२२,४०० आणि त्यावरचं व्याज १५,४००, मिळून १,३७,८००. हे पैसे तुमच्या हातात कधी आले नव्हते आणि त्यावर टॅक्सही कधी भरला नव्हता. हे यंदाचा पगार म्हणून दाखवायचे.

तुमच्या हिश्श्यावरचं व्याज १५,४००. हे इतर उत्पन्नात.

राहिले तुमचे स्वतःचे १,२२,४००. हे पगारातूनच गेलेले, म्हणून यंदाच्या उत्पन्नात ते सरसकट मिळवायचे नसतात. पण ज्या वर्षी तुम्ही त्यांच्यावर ८०सीची वजावट घेतलीत, त्या वर्षीची वजावट परत काढून घेतली जाते. त्यामुळे मला दोन गोष्टी हव्यात: कोणत्या वर्षी जुनी व्यवस्था होती आणि कोणत्या वर्षी नवी, आणि जुन्या व्यवस्थेच्या वर्षांत ८०सीमध्ये काय काय लिहिलं होतं.

---

वाटसरू_पुणे

ताई, एवढं सविस्तर पहिल्यांदाच कोणी सांगितलं. माझे जुने रिटर्न उघडून बघितले.

२०२१-२२: जुनी व्यवस्था. आठ महिन्यांचा पगार ६०,००० प्रमाणे ४,८०,०००. ८०सीमध्ये फक्त पीएफचे २८,८००.

२०२२-२३: जुनी व्यवस्था. पगार ७,२०,०००. घरभाड्याची सूट ८०,००० मिळाली होती. ८०सीमध्ये पीएफचे ४३,२०० आणि ईएलएसएस ५०,०००. टॅक्स शून्य आला होता.

२०२३-२४ आणि २०२४-२५: नवी व्यवस्था, ८०सी काहीच नाही.

---

रोखठोक

मग सोपं आहे की. नव्या व्यवस्थेतल्या दोन वर्षांचे स्वतःचे पैसे (४३,२०० + ७,२०० = ५०,४००) पूर्ण सुटले, कारण वजावट घेतलीच नव्हती. जुन्या दोन वर्षांचे ७२,००० यंदाच्या उत्पन्नात मिळवा. पगार १,४०,००० + १,३७,८०० + १५,४०० + ७२,००० = ३,६५,२००. त्यातून नव्या व्यवस्थेचं स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेलं की २,९०,२००. तीन लाखांच्या आत, टॅक्स शून्य. २७,५६० पूर्ण परत. मी माझ्या भावाचं असंच भरलं, आठवड्याभरात रिफंड आला.

---

हिशेबवही

रोखठोक, ५०,४०० चा मुद्दा अगदी बरोबर. नवी व्यवस्था आल्यापासून हा मोठा फरक पडलाय आणि सगळ्यांच्या ध्यानात येत नाही. पण ७२,००० यंदाच्या उत्पन्नात मिळवायचे, हे नियमात नाही.

नियम ९ काय म्हणतो ते पाहा. हा फंड मान्यताप्राप्त नसताच तर त्या त्या वर्षी किती टॅक्स लागला असता तो काढा. त्यातून प्रत्यक्ष भरलेला वजा करा. जो फरक येईल तो पैसे मिळण्याच्या वर्षी, बाकीच्या टॅक्सच्या वर, भरायचा. कलम १११ यालाच जोडलेलं आहे. म्हणजे दर आणि स्लॅब आजचे लागत नाहीत, तेव्हाचे लागतात.

वाटसरूच्या आकड्यांवर करून दाखवते. प्रोफेशनल टॅक्स सोपेपणासाठी बाजूला ठेवलाय.

२०२१-२२: ४,८०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० गेलं, राहिले ४,३०,०००. पीएफची वजावट काढून टाकली तरी उत्पन्न पाच लाखांच्या आतच राहतं, म्हणजे कलम ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य. तेव्हाही शून्य, आताही शून्य. फरक काही नाही.

२०२२-२३: ७,२०,००० मधून ५०,००० आणि घरभाड्याचे ८०,००० गेले, राहिले ५,९०,०००. तेव्हा ८०सीचे ९३,२०० वजा होऊन ४,९६,८०० झाले होते. पाच लाखांच्या जेमतेम आत, म्हणून शून्य. आता पीएफचे ४३,२०० काढून घेतले की वजावट उरते ईएलएसएसची ५०,०००. करपात्र उत्पन्न ५,४०,०००. पाच लाखांची रेषा ओलांडली की ८७ए पूर्णच जाते. अडीच ते पाच लाखांवर ५% चे १२,५०० आणि वरच्या ४०,००० वर २०% चे ८,०००. मिळून २०,५००, त्यावर ४% सेस ८२०. एकूण २१,३२०.

म्हणजे ४३,२०० च्या वजावटीपायी २१,३२० रुपये. जवळजवळ निम्मे. ज्यांचं करपात्र उत्पन्न वजावटीमुळे पाच लाखांच्या काठावर अडलं होतं, त्यांना हा फटका सगळ्यात जोरात बसतो. जास्त पगारवाल्याला त्याच ४३,२०० वर ३०% नुसार साधारण साडेतेरा हजार लागले असते.

यंदाचा साधा टॅक्स मात्र शून्यच येतो. १,४०,००० + १,३७,८०० + १५,४०० = २,९३,२००, त्यातून ७५,००० गेले, २,१८,२००. म्हणजे २७,५६० मधून २१,३२० वळते होऊन ६,२४० परत मिळतील.

---

वाटसरू_पुणे

पोटात गोळाच आला. २७ हजार परत येतील म्हणून मी पुढच्या क्लासचा हप्ता त्यावर धरला होता.

---

रोखठोक

ताई, नियम तुम्ही म्हणता तसा असेल, पण व्यवहारात हे कोण करतं? भावाचं रिटर्न प्रोसेस झालं, १४३(१) ची सूचना आली, काही मागणी नाही. मग चूक कुठे?

---

हिशेबवही

१४३(१) म्हणजे बेंगळुरूच्या सीपीसीतल्या मशीनने केलेली जुळणी. २६एएसमधला टीडीएस जुळतोय का, बेरजा बरोबर आहेत का, एवढं ते बघतं. तुमच्या भावाचं तीन वर्षांपूर्वीचं ८०सी त्यात कोणी उघडून बघत नाही. पुढे केस तपासणीला निघाली तर अधिकारी नियम ९ नेच मोजणार, आणि वर व्याज लागणार.

आणि हे फक्त पुस्तकातलं आहे असंही नाही. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल ओएसमध्ये याचा स्वतंत्र रकाना आहे, `Accumulated balance of recognised provident fund taxable u/s 111` नावाचा. त्यात ओळ वाढवून असेसमेंट इयर, `Income benefit` आणि `Tax benefit` भरायचं असतं. वाटसरूंच्या बाबतीत असेसमेंट इयर २०२२-२३ समोर २८,८०० आणि शून्य, २०२३-२४ समोर ४३,२०० आणि २१,३२०. तो टॅक्स तिथून शेड्यूल एसआयमध्ये आपोआप जातो. आयटीआर-१ मध्ये हा रकानाच नाही, म्हणून वाटसरू, तुम्हाला आयटीआर-१ चालणार नाही.

हिशेब दोन्ही बाजूंनी कापतो हेही सांगते. ज्यांचा पगार तेव्हा कमी होता आणि आता ३०% मध्ये आहेत, त्यांना याच नियमाचा फायदा होतो. रोखठोकसारखं सगळं यंदाच्या उत्पन्नात टाकलं तर ते उगाच जास्त टॅक्स भरतात.

---

फोंड्याचो_बाब

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. मी गोव्यात वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतो, दोन वर्षं. माझे १०% नाही, २०% कापलेत. ऑफिसात विचारलं तर तुमचं केवायसी बघा म्हणाले. सगळ्यांना दहा आणि मलाच वीस का?

---

हिशेबवही

पीएफ खात्याला तुमचा पॅन जोडलेला किंवा व्हेरिफाय झालेला नसणार, किंवा आधारशी लिंक नसल्यामुळे तो निष्क्रिय झालेला असणार. पॅन नसेल तर १ एप्रिल २०२३ पासून २०% लागतो. त्याआधी तर सर्वात वरचा दर लावून चौतीस टक्क्यांच्या पुढे कापायचे, त्या मानाने हे सुधारलं. यूएएन पोर्टलवर `Manage` मध्ये `KYC` उघडा आणि पॅनसमोर काय दिसतंय ते बघा.

पॅन मुळात नोंदलेलाच नसेल तर त्रास जास्त आहे, कारण मग कापलेले पैसे तुमच्या २६एएसमध्ये दिसत नाहीत. तुमच्या २६एएसमध्ये १९२ए ची ओळ आहे का ते आधी बघा. असेल तर रिटर्न भरून जास्तीचे परत मागता येतील. नसेल तर ज्या पीएफ ऑफिसने पैसे दिले त्यांना टीडीएसचं विवरण दुरुस्त करायला लेखी अर्ज द्यावा लागेल. रिटर्न कितीही वेळा भरलंत तरी त्यांच्या दुरुस्तीशिवाय ते पैसे सापडणार नाहीत.

---

वाटसरू_पुणे

ताई, एक गोष्ट रात्री आठवली. २०२२-२३ मध्ये मी पीपीएफमध्ये ४५,००० भरले होते. टॅक्स आधीच शून्य येत होता म्हणून ते रिटर्नमध्ये लिहिलेच नव्हते. बँकेचं पासबुक आहे. आता फेरमोजणी करताना ते धरता येतील का? ५,९०,००० मधून ५०,००० आणि ४५,००० गेले तर ४,९५,००० होतात. मग टॅक्स परत शून्य.

---

रोखठोक

धरता येतीलच! नियमात 'त्या वर्षी किती टॅक्स लागला असता' असं आहे ना? फंड मान्यताप्राप्त नसता तर याने पीपीएफ लिहिला असताच की. न लिहिण्याचं कारणच पीएफची वजावट होती. मी असतो तर बिनधास्त शून्य लिहिलं असतं.

---

हिशेबवही

चांगला मुद्दा काढलात, आणि मी यावर छातीठोकपणे सांगणार नाही. रोखठोक म्हणतात तो अर्थ शब्दांमधून निघतो. पण दुसरी बाजू अशी मांडता येते की नियमात बदलायची परवानगी एकाच गोष्टीची आहे, फंडाच्या मान्यतेची. बाकीचं उत्पन्न आणि वजावटी तेव्हाच्या रिटर्नमध्ये जशा ठरल्या तशाच. न मागितलेली वजावट आता मागणं म्हणजे बंद झालेलं वर्ष मागल्या दाराने उघडणं, असं अधिकारी म्हणू शकतो.

माझा कल २१,३२० दाखवण्याकडे आहे. पण रक्कम तुमच्या दृष्टीने मोठी आहे, म्हणून पीएफची ही प्रकरणं हाताळणाऱ्या सीएकडून यावर लेखी मत घ्या. शून्य दाखवायचं ठरलं तर पीपीएफचं पासबुक आणि दोन्ही मोजण्या फाइलला लावून ठेवा. जे काही कराल ते शेड्यूल ओएसमधल्या त्या रकान्यातून करा, ४३,२०० लपवू नका. उत्पन्न दाखवून टॅक्सवर मतभेद असणं वेगळं, आणि उत्पन्नच न दाखवणं वेगळं.

---

शाईपेन_०७

मी आर्टिकलशिप करतोय. आमच्या सरांकडे कंपनीचा हिस्सा यंदाच्या पगारात घेऊन फॉर्म १०ई भरतात आणि कलम ८९ ची सवलत घेतात, म्हणजे ती रक्कमही मागच्या वर्षांवर पसरते. ते का नाही सुचवलंत?

---

हिशेबवही

या प्रकरणात यंदाचा साधा टॅक्सच शून्य आहे, मग सवलत कशातून मिळणार? ज्यांचा यंदाचा स्लॅब वरचा आहे त्यांनी १०ई चा हिशेब जरूर करून बघावा, आणि तो रिटर्नच्या आधी पोर्टलवर भरावा, नाहीतर सवलत नाकारतात. काही जण मात्र कंपनीचा हिस्साही कलम १११ च्या रकान्यात वर्षनिहाय टाकतात. मला ते पटत नाही, कारण अमान्य फंडातही कंपनीचा हिस्सा दरवर्षी करपात्र नसतो, हातात आल्यावर होतो. तुमच्या सरांचं यावर काय म्हणणं आहे ते कळलं तर इथे लिहा.

---

सातपूरकर

ग्रॅच्युइटीबद्दल सांगितलंत, धन्यवाद, माझी गल्लत झाली. आता खरा प्रश्न विचारतो. आमच्याकडची एक कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. पोरांची तीन-साडेतीन वर्षं झाली होती. त्यांचेही १०% कापले. हे बरोबर आहे का?

---

हिशेबवही

कंपनीने धंदा बंद केला किंवा आवरता घेतला, किंवा नोकराची तब्येत बिघडून नोकरी गेली, किंवा त्याच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणाने गेली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. पूर्ण रक्कम करमुक्त. कापायलाच नको होते.

कापले गेले याचं कारण बहुतेक हे असणार: कंपनीने ईपीएफओकडे नोकरी सोडल्याची तारीख टाकताना कारणात `Cessation (Short Service)` निवडलं असणार. तिथून पुढे सिस्टीमला ते साधं सोडून जाणंच दिसतं. पोरांना सांगा, यूएएन पोर्टलवर `View` मध्ये `Service History` बघा. आणि कापलेले पैसे रिटर्नमधून मागा. रक्कम करमुक्त म्हणून दाखवायची आणि टीडीएसचं क्रेडिट घ्यायचं. कंपनीने कारखाना बंद केल्याची लावलेली नोटीस, कामगार आयुक्तांकडचा कागद, कामावरून कमी केल्याचं पत्र, जे हाती असेल ते सांभाळून ठेवा. प्रश्न आला तर त्यावरच निभावेल.

---

कर्वेनगर_एक्सप्रेस

आणि ज्यांना आयटीत बोलावून 'राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू' सांगितलं त्यांचं काय? माझं तसंच झालं. कागदावर माझा राजीनामा आहे, पण माझ्या मनाने मी सोडलेली नाही. पूर्ण टीमच गेली. पावणेचार वर्षं झाली होती.

---

रोखठोक

टाका करमुक्त. हाताबाहेरचंच कारण आहे ते.

---

हिशेबवही

मनाने मीही तुमच्या बाजूने आहे. पण कागदावर राजीनामा आणि 'वैयक्तिक कारण' लिहिलेलं असेल तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. एचआरची ईमेल, टीम बंद केल्याची सूचना, भरपाईच्या पत्रात काही उल्लेख, असं काही आहे का? निव्वळ राजीनाम्यावर सूट टिकेल असं मी सांगू शकत नाही.

---

कर्वेनगर_एक्सप्रेस

एका ईमेलमध्ये 'रोल रिडंडन्सी' शब्द आहे. शोधून ठेवते. अजून पैसे काढलेले नाहीत.

---

हिशेबवही

काढले नाहीत तर घाई करूच नका. नवी नोकरी लागली की ट्रान्सफर करा, पावणेचार वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातील आणि सवा वर्षात हा सगळा प्रश्नच राहणार नाही.

---

नांदेड_ते_ठाणे

याच्याच जोडीला माझं. पहिली नोकरी २ वर्षं ७ महिने, मग पाच महिने घरी, दुसरी २ वर्षं ९ महिने, ती एप्रिलमध्ये सोडली. यूएएन एकच आहे. म्हणजे माझी पाच वर्षं झाली ना? उद्याच फॉर्म १९ भरणार आहे.

---

हिशेबवही

थांबा. यूएएन एक असला तरी पासबुकात दोन मेंबर आयडी वेगवेगळे दिसतायत का? पहिल्याचे पैसे दुसऱ्यात गेलेले नसतील तर तुमची पाच वर्षं झालेली नाहीत. पहिल्या नोकरीचा काळ धरला जातो तो तिथली शिल्लक पुढच्या खात्यात आली असेल तरच. यूएएन एक म्हणजे खातं एक, हा समज फार जणांना महागात पडलाय.

आधी `Online Services` मधून `One Member – One EPF Account (Transfer Request)` टाका. पैसे आल्याची नोंद पासबुकात दिसली, सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही तारखा बरोबर दिसल्या, की मग फॉर्म १९. दोन्ही मिळून ५ वर्षं ४ महिने होतात. मधले पाच महिने मोजायचे नाहीत, पण त्यांच्यामुळे आधीचा काळ वायाही जात नाही. पहिल्या कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये असेल तर ट्रस्टकडून अ‍ॅनेक्शर के यावं लागतं, त्यावर नोकरीच्या तारखा असतात. त्या तपासून घ्या.

---

नांदेड_ते_ठाणे

बापरे, दोन आयडी वेगळेच आहेत! पहिल्यात अजून ८८ हजार पडून आहेत. बरं झालं विचारलं. ट्रान्सफर टाकायला गेलो तर पहिल्या कंपनीची एक्झिट डेटच नाही म्हणतंय. कंपनीचा एचआर फोन उचलत नाही.

---

हिशेबवही

कंपनीची वाट बघू नका. शेवटचं कॉन्ट्रिब्यूशन जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर तुम्ही स्वतः `Manage` मध्ये `Mark Exit` वरून तारीख टाकू शकता, आधारच्या ओटीपीवर होतं. ज्या महिन्याचं शेवटचं कॉन्ट्रिब्यूशन जमा झालंय त्याच महिन्यातली तारीख घेतं. एकदा टाकली की तुम्हाला बदलता येत नाही, तेव्हा रिलिव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा.

---

वाटसरू_पुणे

आज सीएंकडे जाऊन आलो. नियम ९ ची प्रिंट नेली होती. त्यांनी पीपीएफचा मुद्दा वाचून दोन दिवस मागितलेत, आयटीआर-२ च भरायचं हे मात्र लगेच मान्य केलं. शिवाय २६एएसमध्ये २,७५,६०० दिसतात आणि रिटर्नमध्ये आपण २,२५,२०० दाखवतोय, त्या ५०,४०० च्या फरकावर विचारणा येऊ शकते म्हणाले. २०२३-२४ आणि २०२४-२५ चे फॉर्म १६ आणि पासबुक काढून ठेवायला सांगितलंय. मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. त्यांचं मत आलं की इथे टाकतो.

---

रोखठोक

भावाला फोन केला. त्याचं २०२४-२५ असेसमेंट इयरचं होतं. त्याच्या ८०सीत गृहकर्जाची मुद्दलच दीड लाखाच्या वर होती म्हणे. मग पीएफ काढून टाकला तर काय होतं?

---

हिशेबवही

मग काहीच होत नाही. पीएफ वगळूनही दीड लाखाची मर्यादा भरत असेल तर वजावट तेवढीच राहते आणि त्या वर्षीचा टॅक्स बदलत नाही. उलट तुम्ही त्याचे स्वतःचे पैसे यंदाच्या उत्पन्नात मिळवून जास्त उत्पन्न दाखवलंत. त्या रिटर्नची रिव्हाइज करायची मुदत वाढवून मिळाली होती, पण तीही १५ जानेवारी २०२५ लाच गेली. तरी त्याची सगळी वर्षं मांडून बघा. गेल्या वर्षी त्याला यावर प्रत्यक्षात टॅक्स लागला होता का, की तेव्हाही शून्यच आला होता?